व्याज खर्चापेक्षा जास्त, तरी 80 लाख विसाव्या वर्षी संपतात

वाचकाचं पत्र: "मी जळगावचा, वय 60, बायको 55. दाल मिलमध्ये हिशेबनीस होतो, पेन्शन नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि पिंप्राळ्याकडचा प्लॉट विकून हातात 80 लाख आहेत. घरखर्च महिन्याला 40 हजार. 8 टक्क्याने वर्षाला 6 लाख 40 हजार व्याज येईल आणि खर्च 4 लाख 80 हजार, म्हणजे मुद्दलाला हातच लागत नाही असा माझा साधा हिशेब. वर उरणारे दीडेक लाख दरवर्षी मुलाच्या दुकानात टाकायचा विचार आहे. पण मुलाने महागाई 6 टक्के आणि 25 वर्षं धरून ग्रोइंग ॲन्युइटीचा, म्हणजे दरवर्षी वाढत जाणाऱ्या रकमांचा फॉर्म्युला लावला, तो म्हणतो आजच 89 लाख 59 हजार पाहिजेत. भाची ॲक्च्युरियलच्या परीक्षा देते, तिने कंटिन्युअस कंपाउंडिंगने 94 लाख 43 हजार काढले. दोघं वाद घालतात, मला काहीच कळत नाही. खरं कोणाचं?"

भाऊ, दोघांच्या वादाआधी दुकानाचं सांगतो, कारण ते पैसे तुम्ही कदाचित या वर्षीच काढायला घ्याल. वर उरणारे म्हणता ते दीड लाख उरलेले नाहीयेत. पहिल्या वर्षी व्याजातून जे वर राहतं ते पुढच्या वर्षांच्या महागाईचे पैसे आहेत, फक्त ते आधी हातात येतात म्हणून मोकळे वाटतात.

समजा दरवर्षीचं सगळं व्याज काढलं, खर्च भागवला, बाकीचं दुकानात टाकलं. मग मुद्दल 80 लाखच राहणार आणि व्याजही दरवर्षी तेच 6 लाख 40 हजार राहणार, ते वाढायचं काही कारणच नाही. खर्च मात्र 6 टक्क्याने वाढतोय, 4.80 लाख, मग 5.09, 5.39, 5.72, 6.06, आणि सहाव्या वर्षी 6 लाख 42 हजार. म्हणजे वयाच्या पासष्टीला व्याज पहिल्यांदा खर्चाला कमी पडलं, आणि तेव्हा हातातले 80 लाख म्हणजे आजच्या 80 लाखांएवढे नाहीत, त्यात माल खूप कमी येतो.

आता दुसरी गोष्ट, दुकानात एक रुपयाही न टाकता वरचं व्याज परत 8 टक्क्यानेच गुंतवलं तर काय होतं ते बघा. मी धरलंय की वर्षाचा खर्च वर्षाच्या सुरुवातीला एकदम बाजूला काढायचा, हिशेब सोपा होतो. पाच वर्षांनी शिल्लक 83 लाख 56 हजार दिसते, वाढलेली. नऊ वर्षांनी 79 लाख 69 हजार, म्हणजे सुरुवात केली होती जवळजवळ तिथेच, कोणीही पासबुक बघून म्हणेल की मुद्दल जसंच्या तसं आहे. पंधरा वर्षांनी 52 लाख 74 हजार. एकोणीस वर्षांनी 10 लाख 86 हजार, आणि त्या वर्षाचा खर्च आहे 14 लाख 52 हजार. म्हणजे विसाव्या वर्षात पैसा संपला, तुमचं वय तेव्हा ऐंशीच्या घरात आणि वहिनी पंचाहत्तरीच्या.

मला यातली नवव्या वर्षाची ओळ सगळ्यात जास्त काळजीची वाटते, कारण रुपयांची शिल्लक तुम्हाला काहीच इशारा देत नाही आणि घसरण दिसायला लागते तेव्हा कामावर परत जायचं वय गेलेलं असतं. म्हणून शिल्लक रुपयांत बघूच नका, त्या वर्षाच्या खर्चाने भागून बघा. आज 80 भागिले 4.80 म्हणजे 16.7 वर्षांचा खर्च हातात आहे. नऊ वर्षांनी 79.69 भागिले 8.11 म्हणजे फक्त 9.8 वर्षांचा, आणि पुढे काढायची आहेत 16 वर्षं. 8 आणि 6 टक्के धरून 16 वर्षांसाठी साधारण 14 पट पाहिजे असतात. तुमच्यासारखे व्याजावर घर चालवणारे आपल्याकडे भुसावळ-धुळ्यापासून नंदुरबारपर्यंत खूप आहेत, त्या सगळ्यांनी वर्षातून एकदा हा एक भागाकार केला तरी खूप आधी कळेल.

आता मुलगा आणि भाची. दोघांचा फॉर्म्युला बरोबर आहे, दोघांनी त्यात टाकलेल्या आकड्यांत गडबड आहे, आणि गडबड वेगवेगळी आहे.

मुलाचा फॉर्म्युला हा:

```
PV = C/(r-g) × [1 - ((1+g)/(1+r))^n]
```

यात r म्हणजे व्याजदर, g म्हणजे महागाई, n म्हणजे वर्षं आणि C म्हणजे पहिली रक्कम, आणि ती पहिल्या वर्षाच्या शेवटी, त्या वेळच्या किमतीत काढायची असते, फॉर्म्युला तयार करतानाच असं धरलेलं आहे. मुलाने तिथे 4.80 लाख टाकले, म्हणजे कागदावर तुम्ही पहिलं वर्ष एक पैसा न काढता जगलात आणि वर्ष संपल्यावर आजच्याच भावाने किराणा भरला. असं होणार नाही ना. पैसे तुम्हाला येत्या महिन्यापासूनच लागणार. वर्षाचा खर्च सुरुवातीला बाजूला काढायचा असेल, जसं रावेर-यावलकडे केळीचे पैसे आले की वर्षाची मोठी देणी एकदम वेगळी काढून ठेवणारी घरं असतात, तर मुलाच्या उत्तराला 1.08 ने गुणायचं, 96 लाख 76 हजार येतात. आणि खरंच वर्षाच्या शेवटीच काढणार असाल तर पहिली रक्कम 4.80 नाही, महागाई लावून 5 लाख 8 हजार 800 पाहिजे, मग 94 लाख 97 हजार. म्हणजे फॉर्म्युला तोच, पण पहिला हप्ता कधी आणि कोणत्या किमतीत एवढ्या एका प्रश्नावर पाच ते सात लाखांचा फरक पडतो. परीक्षेत या प्रकारच्या गणितात मुलं मार्क घालवतात ते इथेच, आणि निवृत्तीच्या हिशेबात घरं पैसे घालवतात ते पण इथेच.

भाचीने वेगळा विचार केला आणि तो विचार मला आवडला. घरखर्च काही वर्षाच्या एका तारखेला होत नाही, दूध रोज, भाजी आठवड्याला, लाईट बिल महिन्याला, मग पैसा सतत वाहतोय असंच धरलं तर काय बिघडलं. महागाईही रोज थोडीथोडी वाढते, व्याजही क्षणाक्षणाला चढतं असं धरायचं. मग फॉर्म्युला असा होतो:

```
PV = C × [1 - e^(-(d-k)×n)] / (d-k)
```

d म्हणजे सतत चढणाऱ्या व्याजाचा दर, k म्हणजे सतत चढणाऱ्या महागाईचा दर, आणि C हा आजच्या भावाने वर्षाचा खर्च. इथे तिने d ला 0.08 आणि k ला 0.06 टाकले. तुमचे 8 टक्के मात्र वर्षाचे आहेत, एक लाखाचे वर्षाने 1,08,000. तेच 8 टक्के दर तिमाहीला चक्रवाढ झाले तर 1,08,243 होतात, दर महिन्याला झाले तर 1,08,300, आणि क्षणाक्षणाला झाले तर 1,08,329, याच्या वर 8 टक्क्याला जाता येत नाही. म्हणजे तिने नकळत तुमचा दर 8.33 टक्के केला. महागाईचंही तसंच, छापून येणारी महागाई ही गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात, म्हणजे ती वर्षाचीच आहे, तिने ती 6.18 केली. बरोबर दर काढायचा तर लॉग घ्यायचा, 1.08 चा नैसर्गिक लॉग 0.07696 आणि 1.06 चा 0.05827. ते टाकले की उत्तर 95 लाख 86 हजार, तिच्यापेक्षा 1 लाख 43 हजार जास्त.

तिची चूक एवढ्यावर निभावली कारण दोन्ही दर एकाच बाजूला चुकले, एकाने दुसऱ्याला थोडं झाकलं. पण कोणी बँकेचा दर तसाच 0.08 ठेवला आणि फक्त महागाईचा लॉग घेतला तर उत्तर 92 लाख 58 हजार येतं, सव्वातीन लाख कमी. अर्धं बदलणं हे अजिबात न बदलण्यापेक्षा वाईट. म्हणून दर एका जातीचे आहेत का ते आधी बघायचं, दोन्ही वर्षाचे किंवा दोन्ही सततचे.

सततच्या पद्धतीचा एक खरा फायदा आहे तो भाचीला नक्की सांगा. तिथे व्याजातून महागाई सरळ वजा करता येते, 0.07696 वजा 0.05827, 0.01869, आणि हे अगदी काटेकोर आहे. वर्षाच्या दरांमध्ये 8 वजा 6 बरोबर 2 टक्के खरी वाढ असं जे सगळे म्हणतात ते बरोबर नाही, 1.08 ला 1.06 ने भागायचं, 1.887 टक्के येतात. 2 टक्के धरून खर्च न वाढवता हिशेब केला तर वर्षाच्या सुरुवातीच्या पद्धतीने 95 लाख 59 हजार येतात आणि 1.887 ने बरोबर ते 96 लाख 76 हजार. एका छोट्या दशांशावर लाखाच्या वर जातात कारण तो दशांश 25 वर्षं चालतो.

आणि तुम्ही प्रत्यक्षात जे करणार, दर महिन्याच्या एक तारखेला 40 हजार आणि वर्षातून एकदाच 6 टक्के वाढ, त्याला 93 लाख 43 हजार लागतात. सततच्या उत्तरापेक्षा कमी, कारण वर्षाच्या मधल्या महिन्यांत भाव वाढलेले असताना तुम्ही जुन्याच रकमेत भागवता. तर कोणतीही नीट पद्धत घ्या, उत्तर 93 ते 97 लाखांच्या मधे येतं आणि तुमचे 80 त्याच्या बाहेर आहेत. भांडण मिटलं असं समजा.

मला त्या दोघांनी ज्यावर भांडायला पाहिजे होतं असं वाटतं ती गोष्ट वेगळी आहे, 8 आणि 6 मधलं अंतर. पद्धत बदलून तीन-चार लाख हलतात, पण 8 चे 7 झाले आणि महागाई 6 च राहिली तर सततच्या पद्धतीने 1 कोटी 7 लाख लागतात, 11 लाख जास्त. दोन्ही 6 वर आले तर 25 गुणिले 4.80, सरळ 1 कोटी 20 लाख, तिथे व्याज आणि महागाई एकमेकांना खाऊन टाकतात. (दोन्ही दर सारखे टाकले की मुलाच्या शीटमध्ये #DIV/0! दिसेल, घाबरू नका, तिथे शून्याने भागलं जातं, वर्षं गुणिले खर्च हे उत्तर हाताने काढायचं, आणि वर्षाच्या शेवटी काढायची पद्धत असेल आणि पहिली रक्कम C असेल तर C गुणिले वर्षं, भागिले 1 अधिक व्याजदर.)

आता 8 टक्के कुठून आले ते तपासा. सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये एका माणसाच्या नावाने 30 लाखच टाकता येतात, 2023 पासून ही मर्यादा आहे, आणि खातं उघडताना जो दर असेल तो 5 वर्षं टिकतो, पुढच्या वेळी तोच मिळेल असं नाही. शिवाय तिचं व्याज दर तिमाहीला बाहेर येतं, आत चढत नाही, वरचं मी जे परत गुंतवायचं म्हटलं ते तुम्हाला स्वतः उठून करावं लागेल. उरलेले 50 लाख कुठल्या दराने बसणार? व्याजावर कर बसत असेल तर फॉर्म्युल्यात कर वजा करूनचा दर टाकायचा. सगळं मिळून सरासरी सात निघाली तर सातच धरा. महागाई 6 ही मला जास्त वाटत नाही, रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य 4 टक्के आणि वरची हद्द 6 आहे हे खरं, पण ते सगळ्या देशाच्या टोपलीचं, साठीनंतरच्या घरात औषधं आणि दवाखान्याचा वाटा वाढत जातो.

आणि 25 वर्षं कोणाची धरली भाऊ? तुमची 85 पर्यंत. वहिनी तेव्हा 80 च्या असतील. त्यांना 85 पर्यंत न्यायचं तर 30 वर्षं लागतात, त्याचं आजचं मूल्य 8 आणि 6 वर, सततच्या पद्धतीने, 1 कोटी 10 लाख. शेवटच्या वर्षांत एकाच माणसाचा खर्च असेल म्हणून ते थोडं कमी होईल, पण शून्य होणार नाही, आणि तेव्हा हिशेब त्यांनाच करावा लागेल म्हणून आजच्या या बोलण्यात त्यांनाही बसवा.

मग करायचं काय. सरळ मार्ग, 80 लाखांत 25 वर्षं बसतील एवढाच खर्च धरायचा, तो महिन्याला 33 ते 34 हजार येतो आजच्या भावाने, पुढे दरवर्षी 6 टक्क्याने वाढवायचा. म्हणजे आज 6-7 हजार कमी, हे अवघड आहे पण अशक्य नाही. दुसरा मार्ग, दोन वर्षं मिलमध्ये किंवा दुसरीकडे अर्धवेळ हिशेबाचं काम घेऊन घरखर्च त्यातून भागवायचा, 80 ला हात लावायचा नाही. दोन वर्षांनी ते 93 लाख 31 हजार होतात, त्या वेळच्या खर्चाला उरलेल्या 23 वर्षांसाठी सततच्या पद्धतीने 1 कोटी 82 हजार लागतील, कमतरता साडेसात लाखांवर येते. आज ती जवळजवळ सोळा लाख आहे. मला विचाराल तर दोन्ही मिळून थोडंथोडं करावं, दोन वर्षं काम आणि नंतर खर्चाला थोडी कात्री. तिसरं, कोणी म्हणेल शेअर बाजारात 12 टक्के मिळतात, सगळं तिकडे टाका. या फॉर्म्युल्यात दर 25 वर्षं एकसारखा धरलेला असतो, बाजार तसा चालत नाही, आणि पैसे काढायला लागल्यावर पहिल्या चार-पाच वर्षांतच घसरण आली तर पडलेल्या भावाने युनिट विकून घर चालवावं लागतं आणि नंतर बाजार वर आला तरी ते युनिट परत येत नाहीत. सरासरी 12 आली तरी पैसा आधी संपू शकतो. थोडा भाग तिकडे ठेवा, पुढच्या पाच-सात वर्षांचा खर्च तिकडे नको.

मुलाला सांगा शीटमध्ये हे तीन टाकायला, आकडे लाखांत आहेत आणि वर्षाच्या सुरुवातीला पैसे काढायची पद्धत धरली आहे:

```
=PV(1.08/1.06-1, 25, -4.8, 0, 1)
=NPER(1.08/1.06-1, 4.8, -80, 0, 1)
=PMT(1.08/1.06-1, 25, -80, 0, 1)/12
```

पहिलं सांगतं किती पाहिजेत, 96.76. दुसरं सांगतं 80 किती वर्षं पुरतील, 19.75. तिसरं सांगतं महिना किती झेपेल, 0.3307 म्हणजे 33 हजार 70 रुपये. शेवटचा तो 1 विसरला की पैसे वर्षाच्या शेवटी काढले असं धरलं जातं, तेवढं बघा. 1.08 आणि 1.06 बदलून 7 आणि 6, 7 आणि 5 असं दोन-चार वेळा करून बघा, म्हणजे कुठल्या आकड्याला घर किती हलतं ते तुम्हालाच दिसेल. दर एप्रिलला खरी शिल्लक आणि उरलेली वर्षं टाकून तिसरी ओळ परत चालवायची, तुमच्या चालू खर्चापेक्षा उत्तर कमी आलं तर त्या वर्षी 6 टक्के वाढ घ्यायची नाही किंवा अर्धीच घ्यायची.

दुकानाचं शेवटचं. मुलाला द्यायचंच असेल तर दरवर्षी वरचं देतो असं करू नका, त्याचा हिशेब कधीच लागत नाही. एकदाच रक्कम ठरवा आणि तिसऱ्या ओळीत 80 च्या जागी उरलेली रक्कम टाका. 5 लाख दिले तर 75 टाका, महिना 31 हजार येतो. म्हणजे त्या 5 लाखांची किंमत तुमच्या आणि वहिनींच्या घरात महिन्याला साधारण 2 हजार 70 रुपये आहे, आजच्या भावाने, 25 वर्षं. हा आकडा मुलालाही दाखवा आणि मग तिघांनी बसून ठरवा.